‘जमवतो’ हा होकार नव्हे

प्रश्न : मी दोन दिवसांच्या एका निवासी कार्यशाळेची संयोजक आहे. एकूण 16 जागा असून त्यांपैकी 15 जणांनी होकार कळवून रक्कमही भरली आहे. सोळावी जागा आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे. महिन्यापूर्वी विचारले तेव्हा सर म्हणाले, ‘‘जमवतो.’’ त्यानंतर मी दोन वेळा व्हॉट्सॲपवर लिहिले, ‘‘सर, कार्यशाळेचे लक्षात असू द्यावे. आपल्या सोयीने कळवावे.’’ दोन्ही निरोप त्यांनी वाचल्याचे दिसते, पण उत्तर नाही. निवासव्यवस्थेकडे नावांची अंतिम यादी शुक्रवारी, 20 तारखेला संध्याकाळी 5 वाजेपर्यंत द्यायची आहे. त्यानंतर नाव बदलता येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. आज शनिवार, 14 तारीख आहे. प्रतीक्षा यादीत दोघे जण आहेत आणि ते रोज विचारत आहेत. सरांना न दुखवता आता नेमके काय लिहावे? आणि तरीही उत्तर आले नाही, तर काय करावे?

उत्तर : तुमचे दोन्ही निरोप मी पुनःपुन्हा वाचले आणि मला वाटते की सरांनी त्यांतील शब्द न् शब्द पाळला आहे. तुम्ही ‘आपल्या सोयीने कळवावे’ असे लिहिलेत, आणि त्यांची सोय अजून झालेली नाही. मराठीत आपण आदराने लिहिताना मुदत हा शब्दच टाळतो, त्याऐवजी ‘सवडीने’, ‘यथावकाश’, ‘जमेल तसे’ असे काही लिहितो आणि मग समोरच्याने ती मुदत मनोमन ओळखावी अशी अपेक्षा धरतो. तुमच्या निरोपांत तारीख नव्हती, वेळ नव्हती, आणि उत्तर न दिल्यास काय होईल हेही नव्हते. असे निरोप आणखी चार पाठवले, तरी तेही वाचले जातील आणि तसेच राहतील. म्हणून आता तिसरे स्मरणपत्र पाठवू नका. सोमवारी सकाळी जे पाठवाल, त्याचा प्रकारच वेगळा असायला हवा.

दुसरी गोष्ट ‘जमवतो’ या शब्दाची. कित्येक वर्षे अशा याद्या सांभाळताना मी स्वतःपुरता एक नियम केला आहे : ‘येतो’ हा होकार, ‘जमत नाही’ हा नकार, आणि ‘जमवतो’, ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’, ‘नक्की प्रयत्न करतो’ या सगळ्यांसमोर यादीत फक्त रिकामा चौकोन. निळ्या खुणांनाही मी त्याच चौकोनात बसवते. त्या खुणांवरून निरोप त्यांच्या फोनवर उघडला गेला एवढेच कळते. त्यांनी निर्णय घेतला असे त्यातून कळत नाही. तेव्हा तुमच्या यादीत आज 15 नावे आहेत, साडेपंधरा नव्हेत.

दोन मुदती, आणि दोन्ही सांगायच्या

शुक्रवारी संध्याकाळी 5 ही निवासव्यवस्थेची मुदत आहे. सरांसाठी तीच मुदत ठेवली, तर तुमचे काम बिघडेल. समजा, त्यांनी शुक्रवारी 4 वाजता ‘जमत नाही’ असे कळवले, तर उरलेल्या एका तासात प्रतीक्षा यादीतील माणसाने फोन उचलायचा, घरी विचारायचे, रजा मांडायची आणि पैसे भरायचे, हे होणार नाही. म्हणून शुक्रवारपासून उलटे मोजत यावे. यादीतील दुसऱ्या क्रमांकाच्या व्यक्तीला निर्णयासाठी निदान एक दिवस हवा, म्हणजे तिला गुरुवारी सकाळी विचारले गेले पाहिजे. त्याआधी पहिल्या क्रमांकाच्या व्यक्तीला विचारून तिचे उत्तर आलेले असले पाहिजे. तिलाही बुधवारची दुपार आणि रात्र तरी मिळावी. याचा अर्थ सरांचा निर्णय बुधवारी, 18 तारखेला दुपारी 12 पर्यंत तुमच्या हाती हवा. ती तुमची मुदत.

इथे एक मोह होतो, तो टाळा. पुष्कळ संयोजक आपली आतली मुदत हीच शेवटची म्हणून सांगतात आणि खरी मुदत झाकून ठेवतात. इतर सहभागींपैकी कोणाकडून तरी शुक्रवार हा शब्द सरांच्या कानावर जातो, आणि त्या क्षणापासून तुमचा बुधवार खोटा ठरतो. पुढच्या वेळी तर तुमची कोणतीच तारीख खरी वाटत नाही. त्यापेक्षा दोन्ही तारखा सांगाव्यात आणि मधल्या दोन दिवसांचे कारणही सांगावे. तुमच्या हातचे दोन दिवस तुमच्यासाठी नसून प्रतीक्षेत असलेल्या माणसासाठी आहेत, हे खरेच आहे आणि ज्येष्ठ माणसाला ते पटतेही.

निरोप

तो सोमवारी सकाळी, थेट सरांना एकट्याला पाठवावा. गटात ‘एक जण अजून बाकी आहे’ असे लिहिण्याचा विचार मनात आला असेल, तर तो सोडून द्या. पंधरा जणांना तो एक कोण हे लगेच कळते, आणि दुखावण्याची सुरुवात तिथेच होते. मी असे लिहीन :

> आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.
>
> कार्यशाळेतील एक जागा मी आपल्यासाठी राखून ठेवली आहे. सहभागींच्या नावांची अंतिम यादी शुक्रवार, 20 तारखेला संध्याकाळी 5 पर्यंत निवासव्यवस्थेकडे द्यायची असून त्यानंतर नाव बदलता येणार नाही. आपले येणे जमणार नसेल, तर प्रतीक्षा यादीतील व्यक्तीला तयारीला दोन दिवस मिळावेत, म्हणून आपला निर्णय बुधवार, 18 तारखेला दुपारी 12 पर्यंत कळवावा, ही विनंती. ‘येतो’ किंवा ‘जमत नाही’ एवढे लिहिलेत तरी पुरे.
>
> बुधवारी 12 पर्यंत उत्तर मिळाले नाही, तर या वेळी आपल्याला शक्य नाही असे समजून ती जागा मी पुढील व्यक्तीला देईन.
>
> मंगळवारी संध्याकाळी 6 नंतर मी आपल्याला एकदा फोन करीन. त्याआधी उत्तर मिळाले, तर फोनचा त्रास देणार नाही.

यातील काही वाक्ये जाणूनबुजून आहेत आणि काही जाणूनबुजून नाहीत. ‘जमत नाही’ हे शब्द मी त्यांच्यासाठी आधीच लिहून ठेवले, कारण ज्येष्ठ माणसे गप्प बसतात ती बहुधा नकार कसा लिहावा हे न सुचल्यामुळे. एकदा ‘जमवतो’ म्हटल्यावर माघार घेणे त्यांना अवघड वाटते. मग ते उद्यावर टाकतात, आणि जितके दिवस लोटतात तितके लिहिणे आणखी अवघड होते. तुम्ही नकाराची जागा स्वतःहून मोकळी करून दिलीत, तर पुष्कळदा तासाभरात उत्तर येते. ते उत्तर नकाराचे असले, तरी तुमचे काम झालेले असते.

‘याआधी दोनदा कळवले होते’ हे वाक्य नाही. ते खरे असले तरी त्यातून तक्रार ऐकू येते, आणि तक्रारीला माणूस आधी खुलासा देतो, निर्णय नंतर देतो. ‘आपण कामात असाल याची कल्पना आहे’ हेही नाही, कारण त्यामुळे न कळवण्याचे कारण आपणच त्यांच्या हाती देतो. ‘आपल्याशिवाय कार्यशाळा अपुरी वाटेल’ हे तर कृपा करून लिहू नका. तसे लिहिल्यावर नाही म्हणणे त्यांना आणखी जड जाईल, आणि आज तुम्हाला त्यांचे येणे हवे आहे त्याहून अधिक त्यांचे उत्तर हवे आहे.

राहिले मौनाचे. मौन म्हणजे नकार असे मी स्पष्ट लिहिले आहे. मौन म्हणजे होकार असे लिहिणारेही संयोजक असतात. त्यात खाट रिकामी राहते, पैसे जातात आणि बाहेर थांबलेला माणूस बाहेरच राहतो. मात्र मौनाचा अर्थ नकार असा घेण्याचा अधिकार तुम्हाला दोन कारणांनी मिळतो : सरांनी स्पष्ट होकार दिलेला नाही आणि रक्कम भरलेली नाही. त्यांनी ‘येतो’ म्हटले असते किंवा पैसे भरले असते, तर नुसत्या मौनावरून जागा काढून घेता आली नसती. तेव्हा प्रत्यक्ष बोलणे होईपर्यंत थांबावेच लागले असते.

मंगळवारचा फोन

फोन करण्याआधी एवढे पाहा की तुमचे निरोप खरोखर त्यांच्यापर्यंतच पोचत आहेत. तुमच्या बाबतीत निळ्या खुणा आहेत, म्हणून निरोप फोनवर उघडला गेला हे नक्की. एकच करडी खूण असती, तर निरोप तुमच्याकडून निघाला पण त्यांच्या फोनपर्यंत गेला नाही, असे समजून दुसरा मार्ग शोधावा लागला असता. मी स्वतः एकदा एका बाईंवर चार दिवस मनातल्या मनात रागावले होते. ईमेल पाठवला होता, उत्तर नव्हते. पाचव्या दिवशी लक्षात आले की पत्त्यातले एक अक्षर मीच चुकवले होते आणि ईमेल परत आल्याची सूचना माझ्याच खात्यात न वाचता पडली होती. तेव्हापासून कोणाची जागा सोडण्याआधी मी निदान दोन वेगळ्या मार्गांनी कळवते. तुमच्यासाठी हा फोन म्हणजे तो दुसरा मार्ग आहे.

फोनवर विचारायचा प्रश्न एकच : ‘‘सर, मी आपले नाव यादीत लिहू, की ही जागा पुढच्यांना देऊ?’’ ‘येणार ना?’ असे विचारू नका, त्याला ‘हो हो, बघतो’ हेच उत्तर मिळते. माझ्या प्रश्नात दोन्ही बाजूंनी तुम्ही काहीतरी करणार आहात आणि कोणते ते त्यांनी निवडायचे आहे.

तरीही ‘जमेलसे वाटते’ असे उत्तर आले, तर पुढचा प्रश्न असा : ‘‘कशावर अवलंबून आहे, आणि ते कधी कळेल?’’ सगळे इथे ठरते. समजा, ते म्हणाले की रजेचा अर्ज दिला आहे आणि उद्या सकाळी कळेल, तर बुधवार दुपारची मुदत तशीच ठेवून थांबा. समजा, ते म्हणाले की घरी कोणाची तरी तपासणी आहे आणि तिचा निकाल शनिवारी येईल, तर तो तुमच्या यादीच्या पुढचा दिवस आहे, आणि हे त्यांना शांतपणे सांगता येते : ‘‘सर, मग शुक्रवारच्या यादीत आपले नाव धरता येणार नाही. जागा मी पुढे देते आणि पुढील कार्यशाळेच्या वेळी आपल्याला सर्वांत आधी विचारते.’’ बहुतेक लोक हे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकतात. निदान माझ्या कानांना तसे ऐकू आले आहे.

फोन झाल्यावर दोन ओळी लिहून पाठवा : ‘आत्ता बोलल्याप्रमाणे आपले नाव यादीत घेतले आहे’ किंवा ‘जागा पुढील व्यक्तीला देत आहे’. तोंडी बोलण्यातून दोघे दोन वेगळे अर्थ घेऊन उठतात, हे तुम्हाला त्या ‘जमवतो’वरून कळलेच आहे.

फोन उचलला नाही, तर त्याच संध्याकाळी पुन्हा पुन्हा लावू नका. एकदाच साधा संदेश पाठवा की फोन केला होता, आणि बुधवारी 12 ची वेळ तशीच आहे. घरातल्या दुसऱ्या कोणी फोन उचलला, तर निरोप ठेवा, पण तो सरांना मिळाला असे धरून चालू नका. परस्पर कोणा सहकाऱ्याच्या तोंडी निरोप मात्र पाठवू नये. तो वाटेत गोड होतो किंवा तिखट होतो, जसा होता तसा पोचत नाही. त्या सहकाऱ्याला एवढेच विचारावे की सर गावाला किंवा आजारी तर नाहीत ना. ते रुग्णालयात असतील, तर हा सगळा पत्रव्यवहार थांबवा, जागा निमूटपणे पुढे द्या आणि त्यांना नंतर सवडीने सांगा.

प्रतीक्षा यादीतील दोघे

संयोजकांचे लक्ष उत्तर न देणाऱ्यावर खिळते आणि जे उत्तर द्यायला आतुर आहेत त्यांच्याशी बोलायचे राहून जाते, म्हणून हे थोडे सविस्तर लिहिते. सोमवारीच त्या दोघांशी बोला. त्यांना सरांचे नाव सांगायचे कारण नाही. ‘एक जागा बुधवारी दुपारी मोकळी होण्याची शक्यता आहे, झाली तर मी 12 नंतर कळवीन आणि तुमचे उत्तर मला गुरुवारी सकाळी 9 पर्यंत हवे असेल’ एवढे पहिल्या क्रमांकाला सांगा, आणि दुसऱ्यालाही त्याच्या वेळा सांगून ठेवा. मग ते रजेची, घरातल्या सोयीची चौकशी आधीच करून ठेवतील, आणि रोजचे विचारणेही थांबेल.

त्याच वेळी ती जागा नेमकी कोणत्या खोलीतली आहे हे पाहून घ्या. 16 जागा दोघा-दोघांच्या 8 खोल्यांत असतील आणि सरांची खाट एखाद्या पुरुष सहभागीबरोबरच्या खोलीत असेल, तर प्रतीक्षा यादीतील पहिल्या क्रमांकाची व्यक्ती स्त्री असल्यास ती खाट तिला देता येणार नाही. मग खोल्यांची फिरवाफिरव करावी लागेल, किंवा दुसऱ्या क्रमांकाला आधी विचारावे लागेल. ही गोष्ट बुधवारी दुपारी, तिला होकार कळवल्यावर लक्षात आली, तर सरांपेक्षा मोठी अडचण होऊन बसते. दोघांची नावे ओळखपत्रावर आहेत तशी आत्ताच लिहून घ्या, म्हणजे शुक्रवारी नावातल्या चुकांसाठी धावपळ होणार नाही.

आणि कितीही मोह झाला तरी एक जागा दोघांना देऊ नका. ‘सर येणार नाहीतच बहुधा’ या अंदाजावर मंगळवारीच पुढच्या माणसाला होकार दिला आणि बुधवारी 11 वाजता सरांचे ‘येतो’ आले, तर तुमच्याकडे 16 खाटा आणि 17 माणसे होतील, आणि त्या सतराव्याला नाही म्हणताना तुमच्याकडे एकही चांगले कारण नसेल.

बुधवारी 12 नंतर

उत्तर आले नाही, तर आधी सरांना लिहा, मग पुढच्यांना फोन करा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण जागा गेल्याचे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

> आदरणीय सर, आज दुपारी 12 पर्यंत आपले उत्तर न आल्याने, सोमवारी कळवल्याप्रमाणे आपल्यासाठी ठेवलेली जागा मी प्रतीक्षा यादीतील व्यक्तीला देत आहे. पुढील कार्यशाळेची तारीख ठरताच आपल्याला कळवीन.

यात ‘नाइलाजाने’, ‘मोठ्या खेदाने’, ‘क्षमस्व’ असे काही घालू नका. तुमची चूक झालेली नाही, आणि क्षमा मागितली की जागा परत मागता येईल असे वाटू लागते.

आता जे बहुतेक वेळा घडते ते सांगते. दोन दिवस गप्प असलेला माणूस या निरोपाला वीस मिनिटांत उत्तर देतो : ‘‘अहो, मी येतोय की!’’ तुम्ही तोवर पहिल्या क्रमांकाला विचारले असेल आणि गुरुवारी 9 पर्यंतची वेळ दिली असेल, तर ती वेळ तिची आहे. ती मधूनच परत घेता येत नाही. तिने अजून होकार दिलेला नसला तरी नाही. सरांना लिहावे की जागा देऊ केली आहे आणि ती परत आली तर कळवीन. त्यांचे नाव प्रतीक्षा यादीत कितवे, यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते तिसरे, कारण बाकी दोघे त्यांच्या आधीपासून थांबले आहेत. ते ज्येष्ठ आहेत म्हणून पहिले ठेवावे असे तुम्हाला वाटले, तर दुसऱ्या क्रमांकाच्या व्यक्तीला ते कसे सांगाल, याचे वाक्य आधी मनात तयार करून पाहा. ते सांगता येण्यासारखे वाटले नाही, तर तिसरेच ठेवा.

पहिल्या क्रमांकाचा होकार येऊन रक्कम जमा झाली की त्याच दिवशी यादी निवासव्यवस्थेकडे पाठवून पोच घ्या. शुक्रवारच्या 5 ची वाट पाहू नका. दोघांचाही नकार आला आणि सर अजून यायला तयार असतील, तर शुक्रवारी सकाळी 10 पर्यंत रक्कम भरण्याच्या अटीवर त्यांचे नाव घ्यायला काहीच हरकत नाही. आणि तिघांपैकी कोणीच उरले नाही, तर मुदत संपण्याआधी जागा 15 करून मिळते का, एवढे निवासव्यवस्थेला गुरुवारी संध्याकाळीच विचारून ठेवा.